‘कळवतो’ म्हणाले, आणि मग गप्प

“मामू, बारा दिवस झाले. होही नाही आणि नाहीही नाही.”

रविवारी दुपारी जेवणे आटोपली आणि आमची भाची फोन पुढे करून बसली. ती मूळची सोलापूरची. सध्या मुंब्र्याला फुफीकडे राहून पदवीचे शेवटचे वर्ष करते आहे. आवाज गोड, वाचन स्वच्छ, शाळेत निवेदन करायची. कुणीतरी सांगितले म्हणून अंधेरीतल्या एका स्टुडिओत लहान मुलांच्या कार्टून मालिकेच्या मराठी डबिंगसाठी आवाजाची चाचणी देऊन आली होती. चाचणी झाली ती मंगळवारी, 6 तारखेला. निघताना को-ऑर्डिनेटर मॅडम म्हणाल्या, “शांत स्वरातला एक नमुना घरून पाठवा, मग कळवतो.” त्यानंतर काहीच नाही.

आम्ही काही वर्षे डबिंगसाठी मराठी संवाद लिहिण्याचे काम केले आहे. त्यामुळे घरात या विषयातले जाणकार आम्हीच. फोन हातात घेतला आणि तिने पाठवलेले मेसेज ओळीने वाचले.

पहिल्या दिवशी संध्याकाळी “थँक यू मॅडम”. तिसऱ्या दिवशी “मॅडम, काय झालं?” चौथ्या दिवशी दोन फोन, दोन्ही उचलले गेले नव्हते. सहाव्या दिवशी एक लांबलचक मेसेज: अब्बांचे काम सुटले आहे, घरात तीच मोठी आहे, एक संधी मिळाली तर आयुष्य बदलेल. नवव्या दिवशी घरचा नमुना, तोही व्हॉइस नोट म्हणून. अकराव्या दिवशी नुसते एक प्रश्नचिन्ह.

फोन परत देताना ती हळू आवाजात म्हणाली, “मामू, खरं सांगा. नावामुळे तर नसेल ना?”

आतल्या खोलीत भांडी आवरणाऱ्या तिच्या फुफीचे हात थांबले. प्रश्न तिच्याही मनात होता. आम्ही लगेच “छे छे, असं काही नसतं” म्हणालो नाही. असे कुठेच घडत नाही, अशी ग्वाही आम्ही देऊ शकत नाही. पण या बारा दिवसांच्या गप्प बसण्यातून तेवढा एकच अर्थ काढणेही बरोबर नव्हते. म्हणून आधी तिला चाचणीनंतर पडद्यामागे काय होते ते सांगितले.

को-ऑर्डिनेटर आपल्याला बोलावते, वेळ देते, ओळी हातात ठेवते, म्हणून निवडही तीच करते असे वाटते. बहुतेक वेळा तसे नसते. मालिका एका कंपनीची असते. मराठी आवृत्तीचे काम ती एखाद्या स्टुडिओला देते. स्टुडिओत डबिंग दिग्दर्शक असतो आणि त्याच्या हाताखाली को-ऑर्डिनेटर. मोठ्या पात्रासाठी स्टुडिओ तीन-चार जणांचे आवाज निवडून कंपनीकडे पाठवतो. तिथे ते मूळ आवाजाशी ताडून पाहतात. एका बहिणीचा आवाज ठरला की दुसरीचा त्याच्याशी मिसळणारा नको, वेगळा ओळखू यायला हवा, असेही पाहिले जाते. कधी भाषांतर तयार नसते, कधी चित्रांतच बदल चाललेला असतो, आणि तोवर आवाजांची निवड तशीच पडून राहते. यात दोन-तीन आठवडे सहज जातात. लहानसहान पात्रे आणि गर्दीचे आवाज मात्र दिग्दर्शक तिथल्या तिथे ठरवतो.

म्हणजे चौथ्या दिवशी मॅडमनी फोन उचलला असता, तरी “अजून मलाही माहीत नाही” एवढेच त्या खरेपणाने सांगू शकल्या असत्या. आणि हेच उत्तर दिवसभरात पन्नास जणांना देणे कुणालाही शक्य नाही.

“मग विचारायचंच नाही का?” भाचीने विचारले.

विचारायचे. पण समोरच्याला उत्तर देता येईल असे विचारायचे. तिच्या मेसेजमध्ये नेमकी हीच अडचण होती. “काय झालं?” या प्रश्नात कुठली चाचणी, कुठले पात्र, कोणती तारीख, काहीच नव्हते. वाचणाऱ्याने आधी ही मुलगी कोण हे शोधायचे आणि मग उत्तर द्यायचे. घरची परिस्थिती सांगणारा मेसेज खरा होता, पण निवड को-ऑर्डिनेटरच्या हातात नसल्यामुळे तो वाचून तिला काहीच करता येत नाही. तिला नुसते अवघडल्यासारखे होते, आणि अवघडलेला माणूस उत्तर पुढे ढकलतो. प्रश्नचिन्हाबद्दल तर बोलायलाच नको. आपल्या घरात मोठ्यांना कुणी असे नुसते प्रश्नचिन्ह दाखवले असते का?

सर्वांत महागात पडली ती व्हॉइस नोट. व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलेला आवाज दाबून लहान केलेला असतो. ऐकायला ठीक वाटतो, पण आवाजातला बारकावा जातो, आणि डबिंगमध्ये तपासायचा असतो तो बारकावाच. शिवाय व्हॉइस नोटला नाव नसते. को-ऑर्डिनेटर नमुने उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवते आणि दिग्दर्शकाकडे देते. गप्पांच्या ओळीत अडकलेली व्हॉइस नोट त्या फोल्डरपर्यंत पोहोचेलच, याचा भरवसा नाही. नमुना वेव्ह फाईलमध्ये रेकॉर्ड करावा आणि डॉक्युमेंट म्हणून जोडावा, म्हणजे तो जसाच्या तसा जातो. स्टुडिओत साधारणपणे 48 किलोहर्ट्झ, 24 बिट अशी फाईल चालते. त्या मापाची एका माइकवरची 40 सेकंदांची फाईल सुमारे सहा एमबीची होते, म्हणजे पाठवायला जड नाही. फाईलच्या नावात आपले नाव, भाषा, आवाजाचा वयोगट आणि पात्र हवे, असे:

`Naav_Aadnaav_Marathi_20-25_Patra2.wav`

नमुना पुन्हा रेकॉर्ड करायला आम्ही दुपारीच बसवले. पंखा बंद, खिडकी बंद, कपड्यांचे कपाट उघडे ठेवून त्याच्याकडे तोंड. कपडे आवाज शोषून घेतात आणि खोलीचा घुमारा येत नाही. सुरुवातीला आपली ओळख करून देऊ नको असे सांगितले, कारण नाव फाईलवर आहेच. थेट ओळी वाचायच्या.

मग मेसेज लिहिला. सोमवारी, 19 तारखेला सकाळी अकराच्या सुमारास, रेकॉर्डिंगची धावपळ रंगात येण्याआधी, तो गेला. तिचे नाव गाळून तो इथे देतो.

“नमस्कार मॅडम. मी अमुक अमुक. 6 तारखेला सकाळी अकरा वाजता तुमच्या स्टुडिओत मराठी कार्टून मालिकेसाठी आवाजाची चाचणी दिली होती. पात्र क्रमांक 2, मोठी बहीण. तुम्ही सांगितलेला शांत स्वरातला नमुना मी 15 तारखेला व्हॉइस नोट म्हणून पाठवला होता. तोच आता नीट फाईल करून जोडला आहे, 40 सेकंद. 31 तारखेपर्यंत मी रोज दुपारी दोननंतर येऊ शकते. पुढे 1 ते 12 माझी परीक्षा आहे. या पात्राची निवड झाली आहे का, एवढे कळवावे. झाली असल्यास छोट्या पात्रांसाठी आणि गर्दीसाठीही मी येईन. सोलापुरी ग्रामीण बोली आणि दखनी लहेजा मला चांगला येतो. मागे वारंवार फोन केले, त्याबद्दल माफी असावी.”

या मेसेजमध्ये आर्जव नाही, तक्रार नाही. पहिल्या तीन वाक्यांत ती कोण हे शोधायला लागत नाही. त्यानंतर मॅडमच्या कामाची वस्तू आहे, ती म्हणजे फाईल. मग तारखा. को-ऑर्डिनेटरचे निम्मे काम तारखा जुळवण्याचे असते, म्हणून आपण कधी येऊ शकतो याइतकी उपयोगाची माहिती दुसरी नाही. तारखा मात्र खऱ्या द्याव्यात. “कधीही येईन” असे लिहून ऐनवेळी परीक्षा काढली, तर पुढच्या वेळी बोलावणे येत नाही. रमजानच्या दिवसांत काम असेल तर तेही सरळ लिहावे आणि शक्यतो सकाळची वेळ मागावी. रोजात दुपार उलटली की घसा कोरडा पडतो आणि कोरड्या तोंडाचे टकटक आवाज माइक बरोबर पकडतो. यात लपवण्यासारखे काही नाही, कामाचीच सोय आहे.

प्रश्न एकच आहे, आणि त्याचे उत्तर “हो”, “नाही” किंवा “अजून नाही” एवढ्यात देता येते. निवड झाली असली तरी दार बंद होऊ नये म्हणून छोट्या पात्रांचा उल्लेख आहे, कारण ते काम स्टुडिओतच ठरते हे आपण वर पाहिले.

मालिकेचे नाव मात्र आम्ही मुद्दाम लिहू दिले नाही. अशी कामे जाहीर होईपर्यंत गुप्त ठेवायची असतात, आणि चाचणीच्या वेळी अनेकदा तसे लिहूनही घेतात. भाचीने स्टुडिओत माइकसमोर काढलेला फोटो स्टेटसला ठेवला होता, मागे पडद्यावर पात्राचे चित्र दिसत होते. तो काढायला लावला. मेसेज कितीही अदबीने लिहिला, तरी असा एक फोटो त्यावर पाणी फिरवू शकतो.

नावाबद्दलही तिने विचारले, “पूर्ण नाव लिहू की नुसतं पहिलं?” आम्ही म्हटले, पूर्ण. चाचणीच्या वेळी नोंदवहीत जे नाव लिहिले तेच, त्याच स्पेलिंगने. मॅडम शोधणार त्याच नावाने. नाव लपवून मिळालेले काम पुढे बिलावर आणि पॅनकार्डवर येऊन अडते, आणि माणूस उगाच आपल्याच नावाला घाबरू लागतो.

मेसेज गेल्यावर अम्मीचा सोलापूरहून फोन, “आला का जवाब?” आला नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही तिला अमीन सायानी यांचा किस्सा सांगितला. रेडिओवरच्या या मोठ्या निवेदकाने तो पुढे स्वतःच मुलाखतींत सांगितला होता. 1960 च्या दशकाच्या अखेरीस एक उंच, सडपातळ तरुण आवाजाच्या चाचणीसाठी वेळ न घेताच त्यांच्याकडे आला. सायानींच्या हातात तेव्हा आठवड्याला कितीतरी कार्यक्रम होते. वेळ ठरवून या, असा निरोप त्यांनी बाहेर पाठवला. भेट झाली नाही. तो तरुण होता अमिताभ बच्चन. 1969 साली मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’मध्ये निवेदन आले ते त्याच आवाजात. सायानींनी आवाज नाकारला असे लोक सांगतात, पण त्यांनी तो ऐकलाच नव्हता. नाकारले जाणे आणि ऐकलेच न जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेर बसलेल्याला दोन्ही सारख्याच लागतात. आपले कोणते झाले आहे, हे नीट विचारल्याशिवाय कळत नाही.

बुधवारी दुपारी उत्तर आले. पात्र क्रमांक 2 दुसऱ्या मुलीला गेले होते, कंपनीने आदल्या आठवड्यातच ठरवले होते. पुढे मॅडमनी लिहिले होते, “तुमचा घरचा नमुना आमच्या फोल्डरमध्ये नव्हता, आज ऐकला. आवाज चांगला आहे. सरांची चाचणीच्या वेळची नोंद आहे की वेगात ‘ळ’ आणि ‘ण’ घसरतात. त्यावर काम करा.”

भाचीने स्वतःचे रेकॉर्डिंग काढून ऐकले. “सगळे वेळेवर या” हे ती वेगात “सगले वेलेवर या” म्हणत होती. आमच्या घरात दखनी बोलली जाते आणि तिच्यात ‘ळ’ नाही. ‘पाणी’चे ‘पानी’ मात्र आपल्याच घरात होते असे नाही, गावोगावच्या मराठी घरांत होते, आणि ग्रामीण पात्राला तेच शोभून दिसते. पण ही मोठी बहीण शहरातली, शाळेत शिकवणारी होती. तिच्या तोंडी ते चालणार नव्हते.

इथे भाचीने एक गोष्ट चांगली केली. तिने वाद घातला नाही आणि “पुन्हा एकदा घ्या ना” असेही म्हटले नाही. एका ओळीत लिहिले: “कळवल्याबद्दल आभार मॅडम. ‘ळ’ आणि ‘ण’वर काम करून परीक्षेनंतर नवा नमुना पाठवते.” आणि खरोखर पाठवला. रोज वीस मिनिटे ‘डोळे, काळोळी, आभाळ, कोण, लोणी’ अशा शब्दांच्या ओळी आधी सावकाश आणि मग वेगात वाचायच्या, असा तिचा नेम होता. परीक्षा संपल्यावर, म्हणजे पहिल्या मेसेजनंतर साडेतीन आठवड्यांनी, दुसरी फाईल गेली. सोबत दोनच वाक्ये होती: मागच्या चाचणीची तारीख आणि यात काय सुधारले आहे.

किती वेळा विचारावे, याचा आमचा हिशेब असा आहे. चाचणीच्या वेळी तारीख सांगितली असेल तर ती उलटून एक दिवस जाऊ द्यावा. सांगितली नसेल तर कामाचे पाच ते सात दिवस थांबून पहिला मेसेज करावा. उत्तर नाही आले तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा. त्यानंतर त्या भूमिकेबद्दल विचारू नये, ती गेली असे समजावे. पुढे दोन-तीन महिन्यांतून एकदा, तेही नवे सांगण्यासारखे असेल तरच: नवा नमुना, नवे झालेले काम, मोकळ्या झालेल्या तारखा. थांबायचे नाही असा प्रसंग एकच. त्याच तारखांना दुसरीकडून पक्के काम आले, तर लगेच कळवावे: “अमुक तारखांसाठी दुसरे काम आले आहे, उद्या संध्याकाळपर्यंत होकार द्यायचा आहे, तुमच्याकडची स्थिती कळली तर बरे.” हे खरे असेल तरच लिहावे. घाई करण्यासाठी खोटे दुसरे काम उभे केले, तर या लहानशा वर्तुळात ते चटकन उघडे पडते.

मुलींच्या घरच्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. पाठपुराव्याच्या या टप्प्यावरच फसवणूक करणारे ओळखू येतात. आपण लेखी विचारले की खरी को-ऑर्डिनेटर त्रोटक का होईना, कामाचे उत्तर देते. फसवणारा उत्साहाने फोन करतो, “निवड झालीच आहे” म्हणतो आणि नोंदणीसाठी, कार्डासाठी किंवा फोटोंसाठी पैसे मागतो. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. कलाकारांच्या संघटनेचे सदस्यत्व संघटनेच्या कार्यालयातूनच मिळते, को-ऑर्डिनेटरच्या खात्यात पैसे भरून नाही. बोलावणे आले की स्टुडिओचा पूर्ण पत्ता, वेळ, काम किती तासांचे, मानधन किती आणि ते साधारण किती दिवसांनी मिळेल, एवढे लेखी मागावे. डबिंगचे पैसे दोन-तीन महिन्यांनी येणे नेहमीचे आहे, त्यामुळे उशीर म्हणजे फसवणूक असे नाही, पण आकडा आधी ठरलेला हवा. सोबत घरचे कुणी येऊन बाहेर बसेल, हेही त्याच मेसेजमध्ये लिहावे. खऱ्या स्टुडिओला त्याचे काही वाटत नाही. जो यावर आढेवेढे घेतो, तिथे जाऊ नये.

दुसरी फाईल पाठवल्यावर नऊ दिवसांनी मॅडमचा मेसेज आला. गर्दीचे काम होते, दोन तासांचे. एका बाजाराच्या प्रसंगात भाजीवाली, बांगडीवाली आणि मागून ओरडणारी एक शेजारीण. “तुम्ही दखनी येते असं लिहिलं होतं ना? बांगडीवाली तशी हवी.” पत्ता, वेळ आणि मानधन सोबत लिहिलेले होते. फुफी बरोबर गेली आणि बाहेरच्या बाकावर दोन तास विणकाम करत बसली.

रात्री भाची घरी आली ती हसत. बांगडीवालीच्या तोंडी दोन वाक्ये होती, ती सरांनी पहिल्याच वेळी मान्य केली. शेजारणीच्या ओरडण्याला मात्र चार वेळा पुन्हा घ्यावे लागले. “मामू, ‘वेळ झाली गं’ असं वाक्य होतं,” ती म्हणाली. “चौथ्यांदा नीट आला ‘ळ’.”

मोठ्या बहिणीचा आवाज दुसऱ्याच कुणाचा आहे. मालिका लागेल तेव्हा आम्ही तो ऐकणार आहोत, आणि बाजाराच्या प्रसंगाला टीव्हीचा आवाज थोडा वाढवणार आहोत.